केसांचा नवा रंग उशीला का लागतो, आणि तो कसा थांबवायचा

तायांनो, मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या पार्लरवाल्या ताईंचा मला सकाळी सातलाच फोन आला. आवाज रडवेला होता. म्हणाल्या, "मॅडम, आदल्या दिवशी एका मुलीच्या केसांना गुलाबी रंग लावला, आणि आज तिची आई दारात येऊन बसलीय. नवा अभ्रा खराब झाला, पोरीचा पांढरा कुर्ता खराब झाला, तू नकली रंग लावलास म्हणतेय. बाराशे रुपये परत मागतेय."

ताईंनी गटातून वीस हजाराचं कर्ज काढून पार्लर टाकलंय. बाराशे रुपये म्हणजे त्यांच्या एका हप्त्याहून जास्त. आणि पैशापेक्षा मोठी भीती म्हणजे गावात एकदा "हिचा रंग नकली असतो" अशी चर्चा झाली, तर लग्नसराईत कोण येणार?

मी दुपारी तिथे गेले. रंगाची ट्यूब बघितली. ओळखीच्या दुकानातली, मुदत शिल्लक असलेली, सील ताईंनीच फोडलेलं. रंग नकली नव्हता. मग तो उशीला का लागला, हे आम्ही तिघींनी, म्हणजे ताई, ती मुलगी आणि मी, बसून शोधलं. त्यातून जे कळलं ते सगळ्यांना सांगावं म्हणून हा लेख. आपल्या संघात पार्लर चालवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, आणि ज्या चालवत नाहीत त्यांच्या घरीही पुण्या-मुंबईहून रंगीत केसांची भाची-पुतणी येतेच.

काळा रंग सुटत नाही, मग गुलाबी का सुटतो?

पांढरे केस झाकायला आपण जो डब्यातला काळा किंवा तपकिरी रंग लावतो, त्यात दोन गोष्टी असतात, एक रंगाची आणि एक डेव्हलपरची. दोन्ही एकत्र कालवून लावतो. कालवताना मिश्रण फिकट दिसतं आणि केसांवर हळूहळू काळं होत जातं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचं कारण असं की रंगाचे बारीक कण आधी केसाच्या आत शिरतात आणि मग आतच एकमेकांना जोडून मोठे होतात. मोठे झाले की त्यांना बाहेर यायला वाट राहत नाही. म्हणून तो रंग टिकतो. पहिल्या एक-दोन धुण्यात वरवरचा थोडा जातो, तेवढंच.

चटक गुलाबी, निळा, जांभळा, हिरवा हे रंग मात्र बहुतेक वेळा वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्यात डेव्हलपर घालावा लागत नाही. ट्यूबमधून काढला तेव्हाच तो गुलाबी असतो. म्हणजे त्याचे कण आधीच तयार आणि मोठे आहेत. ते केसाच्या गाभ्यापर्यंत जात नाहीत, बाहेरच्या थरात आणि त्याच्या फटींत चिकटून बसतात. त्यांना आत कोंडून ठेवणारं काही नाही. केस ओला झाला की त्यातले थोडे थोडे सुटून पाण्याबरोबर निघतात.

आता फटी कुठून आल्या? केसाचं बाहेरचं आवरण कौलारू छपरासारखं असतं, एकावर एक बसवलेली बारीक कौलं. काळ्याभोर केसावर गुलाबी दिसत नाही, म्हणून आधी ब्लीच करून केसाचा मूळ रंग काढावा लागतो. ब्लीचने ही कौलं उचकटतात. त्यामुळे रंग पटकन आणि भरपूर शिरतो, पण त्याच उघड्या फटींतून तो तितक्याच पटकन बाहेरही येतो. केस जेवढा जास्त ब्लीच केलेला, तेवढा रंग सुटण्याचा संभव जास्त.

एवढं समजलं की अर्धा प्रश्न सुटतो. हा रंग थोडा सुटणारच. पहिल्या तीन-चार वेळा केस धुताना पाणी रंगीत येणं हा दोष नाही, तो या रंगाचा स्वभाव आहे. पण कोरड्या केसांतून रात्रीत उशी गुलाबी होणं, हे मात्र टाळता येतं.

त्या रात्री नेमकं काय झालं

मी ताईंना म्हटलं, शनिवारी काय काय केलं ते क्रमाने सांगा. त्यांनी सांगितलं ते असं.

मुलीच्या केसांची खालची वीतभर टोकं ब्लीच केली. धुऊन, वाळवून त्यावर रंग लावला. दुसऱ्या दिवशी तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा, त्यामुळे रंग उठून दिसावा म्हणून ताईंनी जाड थर लावला. पाकिटावर लिहिलेला वेळ ठेवला. इथपर्यंत जाड थर सोडला तर काही चुकलं नव्हतं.

मग धुवायची वेळ आली. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, टाकीत पाणी तळाला, आणि अजून एक गिऱ्हाईक बसलेलं. ताईंनी चार मग पाण्यात केस धुतले. पाणी अजून गडद गुलाबी येत होतं, पण "उरलेलं घरी जाईल" म्हणून थांबवलं. टॉवेलने टिपून, केस ओले असतानाच मुलगी स्कार्फ बांधून गाडीवर बसली.

घरी गेल्यावर आजीने केस हातात घेतले. ब्लीचने टोकं गवतासारखी राठ झालेली. आजीने प्रेमाने वाटीभर खोबरेल तेल चोळलं, वेणी घातली, आणि नात झोपली.

बघा, तीन गोष्टी एकावर एक आल्या. जादा रंग केसातच राहिला. केस ओले राहिले. आणि त्यावर तेल पडलं. तेल या रंगाला सैल करतं आणि स्वतःबरोबर वाहूनही नेतं. ओला केस वाळला की रंग सुटायचा थांबतो, पण तेल वाळत नाही. त्यामुळे रात्रभर डोकं जिथे जिथे टेकलं, तिथे रंग उतरत राहिला. यात आजीची काही चूक नाही. "तीन-चार धुणी होईपर्यंत टोकांना तेल लावू नका" हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा

रंग अजून सुटतोय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. पांढरं, धुतलेलं सुती फडकं घ्या. केसांची एक बट त्यात धरून दाबा आणि वरून खाली तीन-चार वेळा ओढा. ही परीक्षा दोनदा करायची, एकदा कोरड्या फडक्याने आणि एकदा फडकं ओलं करून पिळून.

कोरड्या फडक्यावर रंग आला, तर केसात जादा रंग किंवा तेल आहे. हे केस आज उशीवर ठेवायचे नाहीत, पुन्हा धुवायला हवेत. कोरडं फडकं स्वच्छ पण ओल्या फडक्यावर फिकट डाग आला, तर रंग नीट बसलाय, फक्त केस ओले किंवा घामट असताना जपायचं. दोन्ही स्वच्छ राहिली, तर काळजी मिटली. हा शेवटचा टप्पा यायला काही धुणी जावी लागतात.

त्या मुलीच्या केसांना आम्ही कोरडं फडकं लावलं, तर ते लगेच गुलाबी झालं. मग तिला मोरीत बसवलं. तेल निघावं म्हणून एकदाच, अगदी थोडा शाम्पू फक्त टोकांना लावला आणि गार पाण्याने धुवायला घेतलं. खाली पांढरं घमेलं ठेवलं होतं, पाण्याचा रंग दिसावा म्हणून. पहिल्या मगाचं पाणी कोकम सरबतासारखं गडद होतं. दहाव्या मगाला ते इतकं फिकट झालं की घमेल्याचा तळ स्वच्छ दिसू लागला. एकूण साधारण दीड बादली पाणी लागलं. टोकांना कंडिशनर लावून पुन्हा एकदा धुतलं, जुन्या काळ्या टॉवेलने पिळून टिपलं आणि केस पूर्ण वाळेपर्यंत तिला बसवून ठेवलं. आता कोरडं फडकं स्वच्छ निघालं. ओल्यावर हलका डाग आला. गुलाबी थोडा फिकट झाला, पण छान दिसत होता. रात्री उशीवर जुनी ओढणी टाकून झोप म्हटलं. सकाळी तिचाच फोन आला की ओढणीला काही लागलं नाही.

पहिल्याच दिवशी काय करायचं

थर जाड लावून फायदा नाही. केसाला जेवढा रंग धरायचा तेवढाच तो धरतो, उरलेला फक्त वर बसून राहतो आणि नंतर उशीला लागतो. प्रत्येक बट नीट भिजली की पुरे. वेळही पाकिटावर लिहिलेलीच ठेवा. कपाळाला, कानांना आणि मानेला आधी थोडं व्हॅसलीन लावलं तर कातडीवर डाग पडत नाहीत. ते केसांना मात्र लागू देऊ नका, लागलं तर तिथे रंग धरत नाही.

धुण्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. पाणी गार घ्या. गरम पाण्याने रंग जास्त सुटतो. शाम्पू त्या दिवशी लावायचा नाही. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. "जवळजवळ" म्हणतेय, कारण अगदी पाण्यासारखं पाणी पहिल्या दिवशी येणार नाही. पांढऱ्या मगात किंवा घमेल्यात घेतलेल्या पाण्यातून तळ स्पष्ट दिसला की थांबायचं.

आपल्याकडे मार्चनंतर दीड बादली पाणी म्हणजे चैनच. त्यासाठी एक युक्ती आहे. पाणी घालायच्या आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने केसातला जादा रंग ओढून काढा आणि जुन्या फडक्याने पुसून घ्या. मग केसांना कंडिशनर लावा, बोटांनी चोळा, आणि तोही तसाच पुसून काढा. जो रंग पाण्याने जायचा, त्यातला बराचसा फडक्यावरच येतो. त्यानंतर धुतलं तर पाणी कमी लागतं. ताईंनी पुढच्या गिऱ्हाइकाला असंच केलं, तर एका बादलीच्या आत काम झालं.

केस पूर्ण वाळल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडू नका. ओल्या केसांवर पांढरा कुर्ता म्हणजे डाग ठरलेला. निघण्याआधी तिच्यासमोरच फडक्याची परीक्षा करून दाखवा. म्हणजे तिलाही कळतं आणि उद्या वाद होत नाही.

घरी गेल्यावर

पुढचे दोन-तीन दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. नंतरही आठवड्यातून एक-दोनदाच केस धुवायचे, गार पाण्याने, थोड्या शाम्पूने. महागडा शाम्पू घेतला की रंग टिकतो असं बऱ्याच जणींना वाटतं. सौम्य शाम्पू चांगलाच, पण या रंगाला मुख्य ओढून नेतं ते पाणीच. केस किती वेळा भिजतात, त्यावर रंग किती दिवस राहणार हे ठरतं. अंगाचा साबण आणि कपड्यांचा साबण मात्र केसांना लावू नका, त्याने कौलं अजून उघडतात.

झोपताना केस कोरडे हवेत. सैल वेणी घालून वर जुना स्कार्फ बांधावा, आणि पहिले दोन आठवडे उशीला गडद रंगाचा अभ्रा घालावा. टॉवेलही एकच ठरवावा, काळा किंवा चॉकलेटी. घरातल्या सगळ्यांचा पंचा त्या केसांना लावायचा नाही. शेतात किंवा लग्नाच्या गर्दीत घाम आला की मानेला आणि कॉलरला रंग उतरतो. त्या दिवशी केस वर बांधा. पावसात भिजायचं टाळा. तेल लावायचंच असेल तर फक्त मुळांना, बोटाच्या टोकाने.

एक प्रश्न मला तीन-चार जणींनी विचारला. साडीचा रंग जाऊ नये म्हणून आपण ती मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवतो, तसं केसांना चालेल का? नको. तुरटी सुताला रंगवण्याच्या कामात उपयोगी पडते, पण केसात बसलेल्या या तयार रंगाला मीठ किंवा तुरटी कोंडून ठेवत नाही. उलट ब्लीच केलेले राठ केस अजून राठ होतात. काही जणी मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटचं पाणी घेतात. त्याने केस जरा गुळगुळीत होतात, पण रंग पक्का होतो असं समजू नका.

डाग पडलाच तर

डाग ताजा असतानाच हात लावायचा. आधी कापड उलटं करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे रंग आला त्या बाजूने बाहेर जातो. मग भांडी घासायचं लिक्विड डागावर लावून अर्धा तास ठेवा, हलक्या हाताने चोळा आणि धुवा. डागात तेल असेल तर हे लिक्विडच जास्त कामी येतं. तरीही डाग राहिला, तर खाली जुनं फडकं ठेवून हातांचं सॅनिटायझर किंवा स्पिरिट कापसाने टिपत जा. स्पिरिटमध्ये हा रंग विरघळतो आणि खालच्या फडक्यात उतरतो. हे करताना जवळ चूल किंवा गॅस पेटलेला नको. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर थोडं लावून बघा, नाहीतर कपड्याचाच रंग जायचा.

डाग जाईपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री दोन्ही नको, उष्णतेने डाग धरून बसतो. पांढऱ्या सुती कापडाला शेवटी ब्लीचचं पाणी चालतं, पण ते रेशमी, लोकरी किंवा रंगीत कपड्याला वापरायचं नाही. आणि ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

त्या मुलीच्या कुर्त्याचा डाग दोन वेळच्या लिक्विडने गेला. अभ्र्याचा मात्र पूर्ण गेला नाही, शिवणीजवळ फिकट खूण राहिली. त्याच्या आईला ताईंनी एक नवा अभ्रा आणून दिला. बाराशे रुपये परत द्यावे लागले नाहीत, कारण मुलीनेच आईला फडकं दाखवून सांगितलं की रंग खरा होता, धुणं अर्धवट होतं.

काय सांगायचं आणि कधी नाही म्हणायचं

आता ताई रंग लावायच्या आधीच गिऱ्हाइकाला बसवून चार गोष्टी सांगतात. पहिली काही धुणी पाणी रंगीत येईल. दोन-तीन दिवस डोकं धुवायचं नाही. टोकांना तेल नाही. गडद टॉवेल आणि जुना अभ्रा वापरायचा. आणि उद्याच पांढरी साडी नेसून कार्यक्रमाला जायचं असेल, तर त्या म्हणतात, "चार दिवस आधी यायला हवं होतं." त्या दिवसाचे पैसे जातात, पण नाव राहतं.

तीन धुणी झाल्यावरही कोरड्या फडक्यावर रंग येत असेल आणि केसात तेलही नसेल, तर केस ब्लीचने फार खराब झालेत असं समजा. अशा टोकांवर पुन्हा रंग चढवू नका, ती कापणंच बरं. आणि डोक्याला खाज, पुरळ किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर तो रंग सुटण्याचा प्रश्न नाही. लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे न्या. म्हणूनच कोणताही रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे थेंबभर लावून बघायचं, हे पाकिटावरही लिहिलेलं असतं.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला मी पांढरं फडकं घेऊन येणार आहे. ज्यांनी नुकताच रंग लावलाय त्यांनी पुढे बसा, परीक्षा सगळ्यांसमोर करून बघू.